सात बाय सहा मीटरचं पॅनेलचं घर: काय मिळालं, काय गेलं

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी आई-बाबांसाठी बांधलेलं घर नऊ दिवसांत उभं राहिलं. हे ऐकलं की लोक लगेच कंपनीचं नाव विचारतात. त्या नऊ दिवसांआधी साडेतीन महिने गेले होते आणि घराचं भलंबुरं त्याच काळात ठरलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, चिपळूणला असतो, आणि अशी लहान घरं आता कामाचा भाग म्हणून करतो. पण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते या घरातून, कारण इथे मालकही मीच होतो. छोटं घर प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात तयार करून आणायचा विचार असेल, तर कोणत्या क्रमाने काय करावं ते याच घराच्या आधाराने सांगतो.

आधी रस्ता मोजा, मग घर ठरवा

कारखान्यात तयार होणारी घरं ढोबळमानाने दोन प्रकारची. एकात अख्खी खोलीच तयार होऊन येते आणि क्रेनने जागेवर ठेवतात. दुसऱ्यात भिंतींचे, छताचे सुटे भाग येतात आणि जागेवर जोडतात. पहिला प्रकार बघायला फार छान वाटतो. अडचण रस्त्याची असते. आपल्याकडे ट्रकची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, त्याहून रुंद माल न्यायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणजे रस्त्याने येणारी खोली साधारण आठ फुटांचीच. मालवाहू कंटेनरचं घर करतात त्याची आतली रुंदी २.३५ मीटर असते. उष्णता अडवणारा थर आणि आतला बोर्ड लावला की सव्वासात फूट उरते. त्यात पाच फुटी पलंग टाकला, की बाजूने जायला सव्वादोन फूट. ऑफिसला किंवा शेतावर राखणीला ते ठीक आहे, दोन म्हाताऱ्या माणसांना कायम राहायला नाही.

शिवाय आमच्या वाडीत शेवटचे दोनशे मीटर रस्ता असा, की चौदा फुटी टेम्पो जेमतेम वळतो. क्रेनचं नावच नको. म्हणून सुटं पॅनेल घेतलं: दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा आणि मध्ये पन्नास मिलिमीटर पफ, म्हणजे शीतगृहाच्या भिंतीत असतो तसला फोम. एक मीटर रुंद आणि तीन मीटर उंच पॅनेलचं वजन साधारण तीस किलो भरतं. दोन माणसं ते डोक्यावर घेऊन पाखाडी चढतात. तेवढीच विटांची नऊ इंची भिंत तेराशे किलोच्या आसपास जाईल. इथला खरा फायदा हा आहे. जिथे वाळू, खडी आणि पाणी डोक्यावरून वाहायचं, तिथे हलकेपणा म्हणजे मजुरी आणि वेळ दोन्ही.

घर फुटांत नाही, पॅनेलमध्ये मोजा

बाबांनी कागदावर वीस बाय चोवीस फूट लिहून दिलं होतं. मी ते सात बाय सहा मीटर केलं. पॅनेलची रुंदी एक मीटर, म्हणून लांबीच्या भिंतीला बरोबर सात आणि रुंदीच्या भिंतीला सहा. एकही पॅनेल उभं चिरावं लागलं नाही. उभं चिरलेलं पॅनेल खोबणीविना राहतं, तिथे सांधा सीलंटच्या भरवशावर उरतो आणि पाणी पुढे तिथूनच शिरतं. दारं-खिडक्याही शक्य तितक्या पॅनेलच्या मधोमध घ्या, सांध्यावर नको. क्षेत्रफळ बेचाळीस चौरस मीटर झालं, म्हणजे साधारण साडेचारशे चौरस फूट: एक बाहेरची खोली, एक झोपायची, एक स्वयंपाकघर.

संडास-बाथरूम मात्र मी पॅनेलमध्ये घेतलं नाही. ते मागच्या अंगाला चिऱ्यात बांधून घेतलं. रोज ओली होणारी भिंत, टाइल, नळाचे पाइप, गीझर हे सगळं पत्र्याच्या भिंतीवर बसवता येतं, पण सांधा कुठे झिरपायला लागला ते फोमच्या आत दिसत नाही. कळतं तेव्हा तळातली पट्टी गंजलेली असते. आपला गवंडी चिऱ्याचं बाथरूम डोळे मिटून बांधतो. ते त्याच्याकडेच राहू द्या.

आता या पद्धतीतली सगळ्यात मोठी किंमत. घरात जे जे टांगायचं आहे ते लोखंडी सांगाडा कारखान्यात बनायला घेण्याआधी ठरवावं लागतं. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात खिळा टिकत नाही. भांड्यांची मांडणी, टीव्ही, देवघर, पंखे, इन्व्हर्टर, पडद्यांचे दांडे, प्रत्येकाच्या मागे लोखंडी पट्टी किंवा आडवा पाइप आधीच द्यावा लागतो. मी आईला सोबत घेऊन जुन्या घरातल्या भिंतींवरच्या सगळ्या वस्तूंची यादी केली. एकवीस निघाल्या. सांगाडा येऊन उभा राहिला, तेव्हा बाबा पुढच्या पडवीत उभे राहून म्हणाले, "अरे, झोपाळा कुठे टांगायचा?"

झोपाळा यादीत नव्हता, कारण तो भिंतीवर नसतो. तीन माणसं बसून हेलकावे घेणारा झोपाळा पडवीच्या हलक्या पाइपला टांगणं शक्यच नव्हतं. शेवटी जाडसर आडवा बीम आणून जागेवर वेल्डिंग केलं. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो. त्यावर झिंक प्रायमरचे दोन हात मारले, तरी पुढच्या पावसाळ्यात घरात पहिला गंज त्या दोन टोकांनाच दिसला. आता दरवर्षी मे महिन्यात मी तिथे ब्रश मारतो. चिऱ्याच्या घरात हाच बदल म्हणजे गवंड्याचा एक दिवस असता. तुमच्या यादीत झोपाळा, पाळणा, कपडे वाळत घालायची दोरी, डिश अँटेना आणि पाण्याची टाकी आहे ना, ते एकदा बघा.

कारखान्यात जाऊन काय बघायचं

ऑर्डर देताना कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या: पत्र्याची जाडी, त्यावरचा थर, फोमची घनता, आणि सांगाड्याच्या पाइपची जाडी. "स्टँडर्ड पफ पॅनेल" एवढ्यावर समाधान मानू नका. मग माल निघण्याआधी स्वतः जा. कारखाना पुण्याकडे असला तरी तो एक दिवस घालवा.

जाडी मायक्रोमीटरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी ०.३५ चा पत्रा हाताला कळत नाही, पण शिडी टेकवली की पोचा येतो. घनता तपासायची रीत याहून सोपी. पॅनेलच्या कापलेल्या तुकड्याचे पत्रे सोलून काढा आणि फोमचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा. जाडी पाच सेंटिमीटर असतेच. हा पाचशे घनसेंटिमीटरचा तुकडा, घनता चाळीस किलो प्रति घनमीटर असेल तर बरोबर वीस ग्रॅम भरायला हवा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मी सोबत नेला होता. एका कारखान्यात तुकडा सोळा ग्रॅम भरला, म्हणजे घनता बत्तीस. कमी घनतेचा फोम पत्र्याला नीट धरून राहत नाही. उन्हाने पत्रा फुगतो आणि बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. तिथली ऑर्डर मी रद्द केली.

पैशांचं इथेच बोलून घ्या. चिऱ्याच्या घरात जोत्याला, चौकटीला, स्लॅबला असे टप्प्याटप्प्याने पैसे देतो आणि काम आवडलं नाही तर थांबवता येतं. इथे बहुतेक जण माल निघण्याआधीच जवळजवळ सगळी रक्कम मागतात, आणि एकदा दिली की हातात काही राहत नाही. माझा आग्रह असतो तो असा: नकाशा पक्का झाल्यावर तीस टक्के, कारखान्यात माल तपासल्यावर चाळीस, उभारणी झाल्यावर वीस, आणि उरलेले दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीवर जो अडून बसतो, त्याला आपल्या सांध्यांची खात्री नाही असं मी धरतो.

परवानगीचंही याच टप्प्यावर. "हे हलवता येतं, त्यामुळे परवानगी लागत नाही" असं विकणारा सांगतो, त्यावर विसंबू नका. जोतं घातलं, वीज जोडली, माणसं राहू लागली की ते घरच. तलाठी आणि ग्रामपंचायत, दोघांकडे आगाऊ रक्कम देण्याआधी जा. कर्ज काढणार असाल तर बँकेलाही आधीच विचारा. पॅनेलच्या घरावर गृहकर्ज द्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात.

जोतं: इथे गवंड्याची सवय मोडावी लागते

आपल्याकडे जोतं एक-दोन इंच इकडेतिकडे झालं तर गिलाव्यात जिरतं. पॅनेलला गिलावा नसतो. सात मीटरच्या जोत्यात दोन सेंटिमीटर चूक असली, तर शेवटच्या कोपऱ्यात तेवढी फट उघडी पडते.

तपासायला एक टेप पुरे. सात आणि सहाच्या काटकोनाचा कर्ण ९.२२ मीटर येतो. कोपऱ्यांच्या खुंट्यांमध्ये दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही तेवढेच आले, फार तर पाच मिलिमीटर कमी-जास्त, तर काटकोन बरोबर आहे. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी बघा. आमचा मिस्त्री पहिल्यांदा वैतागला, मग त्यालाच चव लागली. बोल्ट बसवायच्या दिवशी टेप त्यानेच माझ्या हातातून घेतला.

हलक्या घराला पाया कशाला, असं वाटतं. पायाचं काम इथे उलटं असतं. जड घर खाली खचू नये म्हणून पाया लागतो, तर हलकं घर वर उचललं जाऊ नये म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. हिशेब ढोबळ सांगतो. वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला, तर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण नव्वद किलोचा दाब येतो. वळचणीसकट आमचं छप्पर साठ चौरस मीटर. म्हणजे वर ओढणारी ताकद साडेपाच टनांच्या घरात, आणि छपराचं स्वतःचं वजन एक टनाच्या आत. बाकीचं धरून ठेवायचं काम पायाचं. म्हणून दहा खांबांखाली प्रत्येकी साठ बाय साठ सेंटिमीटर आणि नव्वद सेंटिमीटर खोल काँक्रीटचा ठोकळा घातला. एकेक ठोकळा पावणेआठशे किलोच्या आसपास जातो. त्यात सोळा मिलिमीटरचे वाकडे बोल्ट काँक्रीट ओतायच्या आधीच साच्यात धरून बसवले. नंतर ड्रिलने भोक पाडून बसवलेले बोल्ट चालतील असं सांगतात. छोट्या शेडला चालतील, घराला मी घेत नाही. तुमच्या जागेचा नेमका आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. समुद्रकिनारी किंवा उघड्या सड्यावर तो बदलतो.

आता जोत्याची कड. गवंड्याला जोतं भिंतीबाहेर दोन इंच काढायची सवय असते, ते दिसतं छान. पॅनेलच्या घराला तीच कड घातक. भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या दोन इंचांवर साचतं आणि तळपट्टीखालून आत येतं. जोत्याची कड पॅनेलच्या बाहेरच्या पत्र्यापेक्षा वीस मिलिमीटर आत घ्या आणि पत्र्याच्या खालच्या टोकाला पाणी खाली टिपेल अशी वाकवलेली पट्टी लावा. तळपट्टीखाली ब्युटाइल टेपची सलग ओळ टाका, कोपऱ्यात न तोडता. मी दुरुस्तीला गेलेल्या बहुतेक घरांत "भिंत गळते" अशी तक्रार असते आणि पाणी येत असतं जोत्यावरून.

उभारणीचे नऊ दिवस

पहिले तीन दिवस सांगाडा, दोन दिवस भिंती, दोन दिवस छप्पर, दोन दिवस दारं-खिडक्या आणि पट्ट्या. हे काम येणारी टोळीच करते. आपण तीन गोष्टींवर नजर ठेवायची.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा जस्ताचा थर जळतो, आणि उडालेला बारीक लोखंडी कीस भिंतीवर चिकटतो. तेव्हा काहीच दिसत नाही. पहिल्या पावसानंतर अख्ख्या भिंतीवर तांबूस ठिपके उमटतात आणि लोक म्हणतात पत्रा खराब दिला. पत्र्याची कात्री किंवा निबलर मशीन वापरायला लावा, आणि रोज संध्याकाळी भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या.

छपराचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसायला हवेत, पाणी वाहतं त्या पन्हळीत नाही. स्क्रूखालचा रबरी वॉशर धातूच्या चकतीबाहेर किंचित फुगलेला दिसला तर बरोबर. चेपून फाकला असेल तर जास्त आवळलाय. असा रबर दोन उन्हाळ्यांत चिरतो. सैल फिरत असेल तर पाणी आजच येईल.

आणि पॅनेलची एकही कड उघडी राहू देऊ नका. खिडकीच्या भोवती, छप्पर टेकतं तिथे, वायरसाठी भोक पाडलं तिथे पिवळा फोम दिसला तर उंदीर आणि मुंग्या तो हमखास शोधतात. मुंग्या आत वारूळ केल्यासारख्या राहतात, बाहेरून कळतही नाही. सगळीकडे पत्र्याची टोपी बसली पाहिजे.

विजेबद्दल तडजोड नको. सगळं घर पत्र्याचं आहे. एक वायर सोलली तर भिंतच जिवंत होते. सांगाडा आणि पत्रे दोन ठिकाणी अर्थिंगला जोडा, वीज गळताच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, आणि वायर पॅनेलमध्ये खुपसण्याऐवजी पाइपातून बाहेरून न्या. पफ आग धरतो आणि त्याचा धूर फार विषारी असतो. म्हणून गॅसच्या ओट्यामागे आम्ही पॅनेलवर सिमेंट बोर्ड आणि त्यावर टाइल लावली, सिलिंडर बाहेर चिऱ्याच्या कोनाड्यात ठेवला. बजेट असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतींना रॉकवूल भरलेलं पॅनेल घ्या. ते जळत नाही.

पाण्याची परीक्षा, आतली सजावट करण्याआधी

टोळी घाईत असते. तिला एक दिवस थांबवा. बागेचा पाइप घ्या आणि खालून वर जात पाणी मारा: आधी जोत्याचा सांधा, मग उभे सांधे, मग खिडकीच्या खालचे कोपरे, खिडकीच्या वरची पट्टी, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी पंधरा मिनिटं. एक माणूस आत बॅटरी घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून येतंय ते समजत नाही. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून चौथ्या मिनिटाला थेंब आला. वरची पट्टी पॅनेलच्या पत्र्यामागे जायला हवी होती, ती पुढून चिकटवली होती. सीलंट भरून देतो म्हणाले. मी पट्टी काढून परत लावायला लावली. सीलंट ही दुसरी राखण असते. पाणी अडवायचं काम पत्र्याच्या घडीनेच करायचं.

हिशेब आणि राहणं

कंपनीचं कोटेशन चौरस फुटाला १,४५० रुपये होतं, म्हणजे सुमारे साडेसहा लाख. घर पूर्ण झालं तेव्हा आकडा साडेअकरा लाखांवर गेला होता. जोतं, बाथरूम आणि सेप्टिक टँक, वीज, फरशी, ओटा, वाहतूक, उतराई यातलं काहीच त्या दरात नव्हतं. त्याच घराचा चिऱ्याचा अंदाज पावणेतेरा लाख होता. वाचले ते सव्वा लाख, आणि तेवढ्यासाठी कुणी या वाटेला जावं असं मी म्हणणार नाही. वाचला तो मोसम. दिवाळीनंतर नकाशा, डिसेंबरात ऑर्डर, जानेवारीत जोतं, फेब्रुवारीत घर. चिऱ्याचं काम मे अखेर छपराविना राहिलं असतं, तर पुढचे चार महिने ताडपत्रीखाली गेले असते.

राहताना जाणवतं ते असं. पन्नास मिलिमीटर पफ उष्णता अडवण्यात दीड मीटर जाडीच्या विटेच्या भिंतीला भारी आहे, त्यामुळे दुपारी छपरातून झळ येत नाही. पण या भिंतीत थंडावा साठत नाही. एप्रिलमध्ये दारं उघडी राहिली की घर अर्ध्या तासात बाहेरच्याइतकं तापतं, तर शेजारच्या काकांचं जुनं मातीचं घर संध्याकाळपर्यंत गार असतं. उलट रात्री आमचं लवकर निवतं. आई दुपारी आडवी व्हायला अजूनही काकूंकडे जाते.

घर हवाबंद असल्याने पावसाळ्यात दमट हवा कोंडते. पहिल्या जुलैत कपाटामागे बुरशी धरली. मग समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ दोन जाळीचे झरोके पाडले, स्वयंपाकघरात पंखा लावला, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. हे झरोके नकाशातच घ्या, म्हणजे नंतर भिंत कापावी लागणार नाही. पावसाचा आवाज फोममुळे साध्या पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी येतो, तरी आषाढातली सर आली की टीव्ही ऐकू येत नाही.

आणि दुरुस्ती. गावातला एकही माणूस पॅनेल बदलू शकत नाही. दोन वर्षांनी तोच रंग, तीच खोबण मिळेल याची खात्री नसते. म्हणून ऑर्डरमध्येच भिंतीची दोन पॅनेलं, छपराचं एक, शंभर स्क्रू आणि कडेच्या पट्ट्या जास्त मागवून ठेवा. आमची गोठ्याच्या माळ्यावर आहेत. वर मजला चढवायचा विचार असेल तर हे घर घेऊच नका. बाजूला खोली वाढवायची असेल तर त्या बाजूचे खांब आणि बोल्ट आजच देऊन ठेवा.

पहिला पावसाळा संपला तेव्हा मी घटस्थापनेच्या आधी दोन दिवस गावी गेलो. तळपट्टी सगळीकडून हाताने चाचपली, छपरावर चढून वॉशर बघितले, अर्थिंगचा खड्डा तपासला. पश्चिमेच्या भिंतीत एक उभा सांधा बोटभर ओलसर लागला. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, पट्टी उलगडून परत बसवून गेला. राहिलेले दहा टक्के त्याच संध्याकाळी पाठवले.